टिपची वाटणी : पॉइंट, तास आणि हिशेब

रेस्टॉरंटमध्ये ग्राहक टीप देतो ती समोर उभ्या असलेल्या वेटरला. पण त्या टेबलावरचे जेवण एकट्या वेटरचे काम नसते. ऑर्डर कॅप्टनने घेतलेली असते, पदार्थ आचाऱ्याने केलेला असतो, टेबल बसबॉयने पुसून लावलेले असते आणि ताटे-पेले मोरीवरच्या माणसाने धुतलेले असतात. म्हणून अनेक ठिकाणी दिवसभराच्या टिपा एका डब्यात जमा करतात आणि ठरावीक दिवशी सगळ्यांत वाटतात. बिलावर सर्व्हिस चार्ज घेतला जात असेल तर तोही याच डब्यात येतो. वाटणीच्या अनेक रीती आहेत. त्यांतली सर्वांत टिकाऊ ठरलेली रीत दोन आकड्यांवर चालते : त्या कामाला दिलेले पॉइंट आणि त्या माणसाने प्रत्यक्ष केलेले तास.

या रीतीचा पाया साधा आहे. डब्यातली रक्कम ठरलेली असते, ती वाटणीने वाढत नाही. त्यामुळे एकाचा पॉइंट वाढला की तो पैसा मालकाकडून येत नाही, बाकीच्या सहकाऱ्यांच्या वाट्यातून येतो. टिपवरून होणारी बहुतेक भांडणे याच एका गोष्टीतून निघतात आणि चांगल्या हिशेबाचे काम ही गोष्ट सगळ्यांना उघड दिसेल अशी ठेवणे हे असते.

पॉइंट-तास म्हणजे काय

वाटणीच्या दोन सोप्या रीती आधी पाहिल्या म्हणजे तिसरीची गरज कळते. पहिली रीत सगळ्यांना सारखे वाटण्याची. तीत आठवड्याचे सहा दिवस राबणारा वेटर आणि फक्त शनिवार-रविवारी येणारा मुलगा यांना एकच रक्कम मिळते. दुसरी रीत फक्त पॉइंट पाहण्याची : कॅप्टनला पाच, वेटरला चार, बसबॉयला तीन वगैरे. यात कामाची जबाबदारी मोजली जाते, पण हजेरी मोजली जात नाही. चार पॉइंटचा वेटर आठवडाभर आला काय आणि तीन संध्याकाळी आला काय, त्याचे पॉइंट चारच राहतात.

तिसऱ्या रीतीत प्रत्येकाचे पॉइंट त्याच्या तासांनी गुणतात. येणाऱ्या आकड्याला पॉइंट-तास म्हणता येईल. चार पॉइंटच्या वेटरने ४८ तास काम केले तर त्याचे १९२ पॉइंट-तास होतात आणि १८ तास केले तर ७२. सगळ्यांच्या पॉइंट-तासांची बेरीज करायची आणि डब्यातल्या रकमेला त्या बेरजेने भागायचे. जो आकडा निघतो तो एका पॉइंट-तासाचा दर. प्रत्येकाचे पॉइंट-तास या दराने गुणले की त्याचा वाटा मिळतो. हिशेब एवढाच आहे. अवघड असते ते डब्यात काय धरायचे, कोणाला किती पॉइंट द्यायचे आणि तास कोणते मोजायचे हे ठरवणे.

एका आठवड्याचा हिशेब

उदाहरण म्हणून आठ माणसांचे एक मध्यम रेस्टॉरंट घेऊ. आठवड्याच्या शेवटी डब्यात १८,००० रुपये जमले आहेत. पॉइंट आधीच ठरलेले आहेत, तास हजेरीपत्रकावरून घेतले आहेत.

| काम | पॉइंट | तास | पॉइंट-तास | वाटा (रुपये) |
|---|---|---|---|---|
| कॅप्टन | ५ | ४८ | २४० | ३,६०० |
| पहिला वेटर | ४ | ४८ | १९२ | २,८८० |
| दुसरा वेटर | ४ | ४० | १६० | २,४०० |
| तिसरा वेटर (अर्धवेळ) | ४ | १८ | ७२ | १,०८० |
| बसबॉय | ३ | ४८ | १४४ | २,१६० |
| आचारी | ४ | ४८ | १९२ | २,८८० |
| किचन हेल्पर | ३ | ३६ | १०८ | १,६२० |
| भांडी धुणारा | २ | ४६ | ९२ | १,३८० |
| एकूण | २९ | ३३२ | १,२०० | १८,००० |

बेरीज १,२०० पॉइंट-तास आली. १८,००० भागिले १,२०० म्हणजे पॉइंट-तासाला १५ रुपये. तिसऱ्या वेटरने १८ तास काम केले, त्याचे ७२ पॉइंट-तास झाले आणि ७२ गुणिले १५ म्हणजे १,०८० रुपये त्याच्या वाट्याला आले. पहिल्या वेटरला २,८८० मिळाले. दोघांनाही तासामागे ६० रुपयेच पडले, कारण दोघांचे काम एकच आहे.

हीच रक्कम फक्त पॉइंटवर वाटली असती तर काय झाले असते? एकूण पॉइंट २९, म्हणजे एका पॉइंटला सुमारे ६२१ रुपये. दोन्ही वेटरना सुमारे २,४८३ रुपये मिळाले असते. पण अर्धवेळ मुलाला तासामागे जवळजवळ १३८ रुपये आणि पूर्णवेळ वेटरला ५२ रुपयांच्या आसपास पडले असते. पुढच्याच महिन्यात पूर्णवेळ वेटरने तक्रार केली असती आणि ती रास्त ठरली असती.

खऱ्या आयुष्यात भागाकार असा सुटसुटीत येत नाही. समजा डब्यात १८,००० ऐवजी १८,३५० रुपये आहेत. मग दर १५.२९१६ असा पुढे लांबत जातो. तो सोयीसाठी वर ओढून १५.३० केला तर वाटायला १८,३६० रुपये लागतात, म्हणजे डब्यात आहेत त्याहून दहा रुपये जास्त. म्हणून दर कधी वर ओढायचा नसतो. दर पूर्ण ठेवावा, प्रत्येकाच्या वाट्यातले रुपयाखालचे पैसे सोडावेत आणि जे उरेल ते पुढच्या आठवड्याच्या डब्यात जमा दाखवावे. या उदाहरणात तसे केले तर दोन रुपये उरतात. रक्कम क्षुल्लक आहे, पण ती कागदावर दिसायला हवी. उरलेले पैसे कुठे गेले हे दिसले नाही की संशयाला तिथूनच जागा मिळते.

पॉइंट कोणाला किती

पॉइंट हा पगाराचा आकडा नव्हे. पगार मालक आणि नोकर यांच्यात ठरतो, पॉइंट सहकाऱ्यांमध्ये. म्हणून पॉइंट ठरवताना त्या कामाचा ग्राहकाच्या अनुभवाशी किती संबंध आहे, कामाला किती कौशल्य लागते आणि चूक झाली तर कोणाला उत्तर द्यावे लागते, हे पाहतात. काही ठिकाणी अनुभवासाठीही थोडी वाढ देतात. पण अनेक निकष एकत्र आले की आकडा का आला हे सांगता येत नाही. ज्या पॉइंटचे कारण एका वाक्यात सांगता येते तो टिकतो.

सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या पॉइंटमधले अंतर हा खरा निर्णय असतो. वरच्या उदाहरणात कॅप्टनला पाच आणि भांडी धुणाऱ्याला दोन, म्हणजे अडीच पट फरक आहे. कॅप्टनचे पॉइंट पाचावरून सहा केले तर काय होते ते पाहू. त्याचे पॉइंट-तास २४० वरून २८८ होतात, एकूण बेरीज १,२४८ होते आणि दर १५ वरून सुमारे १४.४२ वर येतो. कॅप्टनला सुमारे ५५४ रुपये जास्त मिळतात. पहिल्या वेटरला सुमारे १११ रुपये आणि भांडी धुणाऱ्याला ५३ रुपये कमी मिळतात. डबा मात्र १८,००० चाच राहतो. पॉइंट बदलण्याआधी हा हिशेब सगळ्यांसमोर मांडला तर होकार किंवा नकार विचारपूर्वक येतो. बदल आधी करून नंतर सांगितला तर तो कॅप्टनवरची मेहेरबानी वाटतो.

नव्या माणसाचेही तसेच. चार पॉइंटचा आणखी एक पूर्णवेळ वेटर आला की १९२ पॉइंट-तास वाढतात आणि बेरीज १,३९२ होते. जुन्यांचा वाटा तोच राहायचा असेल तर डब्यात २०,८८० रुपये यायला हवेत. गिऱ्हाईक वाढले म्हणून माणूस घेतला असेल तर ते येतील. पण कामाचा ताण कमी करायला घेतला असेल तर येणार नाहीत आणि मालकाने केलेल्या भरतीचा काही भार टिपच्या डब्यावर पडेल. शिकाऊ मुलाला पहिले काही आठवडे अर्धे पॉइंट देण्याची रीत यातूनच आली आहे. ती मुदत लेखी ठरलेली असावी, नाहीतर शिकाऊपण वर्षभर लांबत जाते.

पॉइंट माणसाला नव्हे, त्या दिवशीच्या कामाला द्यावेत हे जास्त न्याय्य ठरते. कॅप्टन रजेवर असताना पहिल्या वेटरने आठ तास कॅप्टनचे काम केले तर त्याचे ४० तास चारने आणि ८ तास पाचने मोजायचे : १६० अधिक ४०, म्हणजे २०० पॉइंट-तास. १९२ पेक्षा फक्त आठ जास्त, पण जबाबदारी घेतल्याची नोंद झाली.

मालक, व्यवस्थापक आणि देखरेख करणारे लोक या वाटणीत असावेत का, हा प्रश्न जवळजवळ सगळीकडे निघतो. अमेरिकेत २०१८ साली केंद्रीय कायद्यात बदल होऊन कर्मचाऱ्यांच्या टिपा मालकाने किंवा व्यवस्थापकांनी ठेवून घेण्यास मनाई झाली. कारण उघड आहे : ड्यूटी लावणारा आणि पॉइंट ठरवणारा माणूस स्वतःच वाटेकरी असेल तर त्याचा प्रत्येक निर्णय संशयास्पद होतो.

कोणते तास मोजायचे

तास म्हणजे ड्यूटीच्या तक्त्यावर लिहिलेले तास नव्हेत, प्रत्यक्ष भरलेले तास. आपल्याकडे अनेक रेस्टॉरंटांत ब्रेक ड्यूटी असते : सकाळी अकरा ते दुपारी साडेतीन, मग संध्याकाळी सात ते रात्री साडेअकरा. या माणसाचे तास नऊ धरायचे, साडेबारा नव्हेत. मधल्या वेळात तो स्टाफ रूममध्ये झोपलेला असला तरी कामावर नसतो. मात्र त्याच वेळात त्याला पार्टीची टेबले लावायला बोलावले असेल तर तो वेळ मोजायला हवा.

बंद झाल्यानंतरचा वेळ हा नेहमीचा वादाचा मुद्दा आहे. शेवटचा ग्राहक उठल्यावर लादी पुसणे, खुर्च्या उलट्या ठेवणे, तवे-कढया घासणे यात तासभर सहज जातो आणि हे काम बहुतेक खालच्या पॉइंटचे लोक करतात. हजेरी ग्राहक गेल्यावर थांबली तर तोटा नेमका त्यांचाच होतो. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी मोजायची नसेल तर ती कोणाचीच मोजू नये. स्वयंपाकघरातल्यांची वजा आणि बाहेरच्यांची जमा असा प्रकार कागदावर लगेच दिसत नाही, पण महिन्याला बरीच रक्कम इकडची तिकडे करतो.

वेळ पाव तासाच्या टप्प्याने धरली तर हिशेब सोपा राहतो, पण नियम दोन्ही बाजूंनी सारखा लागला पाहिजे. पाच मिनिटे उशीर झाला की पाव तास कापायचा आणि पाच मिनिटे जास्त थांबले तर काही द्यायचे नाही, ही वाटणी नसून दंड झाला. उशिराची शिक्षा द्यायचीच असेल तर तिचे नियम वेगळे असावेत. डब्याचा त्यासाठी वापर केला तर एकाला झालेल्या शिक्षेचा पैसा बाकीच्यांना मिळतो आणि त्यांना त्याच्या चुकीत रस निर्माण होतो.

रजेवरच्या माणसाचे तास शून्य, म्हणून वाटाही शून्य, हे या रीतीत ओघानेच येते. भरपगारी रजेतही पगार मिळतो, टीप मिळत नाही. ही गोष्ट नोकरीवर घेतानाच सांगितलेली असावी.

शनिवारची रात्र आणि मंगळवारची दुपार

आठवड्याचा एकच डबा ठेवला तर सगळे तास एकाच दराने जातात. पण सगळे तास सारखे नसतात. मंगळवारी दुपारी चार टेबले लागतात, शनिवारी रात्री बाहेर रांग असते. वरच्या उदाहरणातले १८ तास काम करणारा अर्धवेळ वेटर शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीनच संध्याकाळी सहा-सहा तास येतो असे समजू. त्या तीन संध्याकाळी आठही जण कामावर होते आणि १८,००० पैकी १०,४४० रुपये तेव्हाच जमले.

आता दोन डबे करू. त्या तीन संध्याकाळचे पॉइंट-तास २९ गुणिले १८, म्हणजे ५२२ होतात. १०,४४० भागिले ५२२ केले की दर २० रुपये येतो. बाकीच्या वेळेचे ६७८ पॉइंट-तास आणि ७,५६० रुपये राहतात, तिथे दर सुमारे ११.१५ रुपये. अर्धवेळ वेटरला आता १,०८० ऐवजी १,४४० रुपये मिळतात. पहिल्या वेटरचे २,८८० वरून सुमारे २,७७८ होतात, कारण त्याचे बरेच तास थंड दुपारचे आहेत.

यातले बरोबर कोणते? दोन्ही रीतींना बाजू आहे. वेगळे डबे केले तर गर्दीत घाम गाळणाऱ्याला त्याचा मोबदला मिळतो. पण मग प्रत्येकाला शनिवार हवा असतो आणि मंगळवारची दुपार कोणालाच नको. ड्यूटी लावणाऱ्याच्या हातात मोठी सत्ता जाते. एकच डबा ठेवला तर मंगळवारची दुपारही कोणीतरी आनंदाने घेतो, कारण ती करणारा माणूस नसेल तर रेस्टॉरंट उघडे ठेवता येत नाही. ड्यूट्या आळीपाळीने फिरत असतील तर एक डबा पुरतो, कारण महिन्याभरात फरक आपोआप भरून निघतो. काही लोक कायम गर्दीच्या वेळी आणि काही कायम थंड वेळी येत असतील तर वेगळे डबे करण्याला कारण आहे.

गळती कुठे होते

हिशेब अचूक असला तरी डबाच अपुरा भरला तर वाटणी चुकते. पूर्वी गळती म्हणजे नोट डब्याऐवजी खिशात जाणे. आता ग्राहक वेटरचा मोबाइल नंबर विचारतो आणि यूपीआयने थेट पैसे पाठवतो. ते पैसे वेटरचे की डब्याचे, याचा नियम आधीच ठरलेला नसेल तर दोन्ही बाजूंना आपण बरोबर आहोत असे वाटते. सामाईक टीप ठेवायची असेल तर टेबलावर एकच क्यूआर कोड ठेवून तो टिपसाठीच्या वेगळ्या खात्याला जोडणे हा सरळ उपाय आहे.

कार्डवर दिलेली टीप आधी धंद्याच्या खात्यात जाते आणि एक-दोन दिवसांनी दिसते. रविवारी रात्रीची टीप मंगळवारी खात्यात आली तर ती कोणत्या आठवड्याची? ती बिलाच्या तारखेला धरावी, जमा झालेल्या तारखेला नव्हे. नाहीतर रविवारी काम केलेल्यांचा पैसा सोमवारी आलेल्यांत वाटला जातो. कार्डवरच्या टिपेतून मशीनचा खर्च कापायचा का, हेही आधीच लिहून ठेवावे लागते.

तिसरी गळती वजावटींची. फुटलेले ग्लास, बिल न देता पळालेला ग्राहक, चुकीची ऑर्डर, असे खर्च काही ठिकाणी डब्यातून भरून काढतात. कोणता तरी ग्लास कोणाच्या तरी हातून फुटणारच, हा धंद्याचा खर्च आहे. तो डब्यातून घेतला की वाटणीचा दर उतरतो आणि कारण कोणालाच दिसत नाही. वजावट करायचीच असेल तर तिची वेगळी ओळ पत्रकात असली पाहिजे.

कायदा काय म्हणतो

भारतात सर्व्हिस चार्जबद्दलचे चित्र गेल्या काही वर्षांत बदलले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार रेस्टॉरंटने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही, तो ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगायचे आणि नकार दिला म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही. रेस्टॉरंट चालकांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात स्थगिती मिळाली, पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाच्या एकल पीठाने या सूचना वैध ठरवल्या.

डब्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की सर्व्हिस चार्ज ही आता हमखास येणारी रक्कम धरता येत नाही. ग्राहकाने तो काढून टाकायला सांगितला तर त्या दिवसाच्या जमेतून तेवढी रक्कम वजा होते. म्हणून सर्व्हिस चार्ज आणि स्वखुशीची टीप यांच्या ओळी पत्रकात वेगळ्या ठेवणे सोयीचे ठरते.

कराबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल महत्त्वाचा आहे. आयटीसी कंपनीच्या हॉटेलांतल्या प्रकरणात ग्राहकांनी कार्डवर दिलेली टीप हॉटेल कर्मचाऱ्यांना पोचवत होते. ही रक्कम मालकाकडून मिळालेला पगार नाही, म्हणून मालकाने तिच्यावर पगाराप्रमाणे कर कापणे बंधनकारक नाही, असे न्यायालयाने म्हटले. कर्मचाऱ्याच्या हातात मात्र ते उत्पन्नच असते, ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ या सदरातले.

वाटणीच्या पद्धतीबद्दल सर्वांत तपशीलवार कायदा ब्रिटनमध्ये झाला आहे. तिथे अशा सामाईक व्यवस्थेला ट्रॉन्क म्हणतात आणि ती सांभाळणाऱ्याला ट्रॉन्कमास्टर. २०२३ साली संमत झालेला टीप-वाटणीचा कायदा १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. त्यानुसार मालकाने टीप आणि सर्व्हिस चार्जची सर्व रक्कम कर सोडून दुसरी कोणतीही कपात न करता कर्मचाऱ्यांत न्याय्य रीतीने वाटायची असते आणि मिळालेल्या महिन्याच्या पुढच्या महिनाअखेरपर्यंत ती द्यायची असते. एजन्सीमार्फत आलेले कामगारही वाटणीत धरायचे. धोरण लेखी हवे आणि नोंदी तीन वर्षे ठेवायच्या. कर्मचारी आपल्या वाट्याची नोंद मागू शकतो. ‘न्याय्य’ म्हणजे सर्वांना सारखे असा अर्थ तिथे धरलेला नाही. कामाचे स्वरूप, कामाचे तास, जबाबदारी अशा निकषांवर कमी-जास्त वाटा देता येतो. पॉइंट आणि तासांची रीत या चौकटीत बसते, पण पॉइंटमागचे कारण मालकाला सांगता यावे लागते.

चुकते आहे हे कसे ओळखायचे

वाटणीच्या दिवशी चार तपासण्या पुरतात. पहिली, सगळ्या वाट्यांची बेरीज आणि पुढे नेलेली शिल्लक मिळून डब्यातल्या रकमेइतकी यायला हवी. दुसरी, प्रत्येकाला आपला वाटा स्वतः काढता आला पाहिजे. त्यासाठी भिंतीवर चार गोष्टी लावाव्या लागतात : जमा रक्कम, एकूण पॉइंट-तास, दर आणि कामानुसार पॉइंट. आपले तास प्रत्येकाला ठाऊक असतात. इतरांच्या हातात नेमके किती पडले हे जाहीर करण्याची गरज नसते.

तिसरी तपासणी दर आठवड्याचे दर एकाखाली एक लिहून होते. विक्री तेवढीच असताना दर उतरला तर तीनच कारणे संभवतात : डब्यात कमी आले, पॉइंट-तास वाढले किंवा वजावट झाली. पॉइंट-तासांची बेरीज पाहिली की दुसरे कारण लगेच कळते, वजावटीची ओळ पाहिली की तिसरे. दोन्ही नसतील तर पहिलेच उरते. चौथी तपासणी त्यासाठीच असते. बिलिंग मशीनच्या दिवसअखेरच्या पत्रकात कार्ड आणि सर्व्हिस चार्जचा आकडा असतो, तो डब्याच्या पत्रकाशी जुळवायचा आणि रोख टिपचे विक्रीशी असलेले प्रमाण ड्यूटीवार पाहायचे. एका ठरावीक ड्यूटीत हे प्रमाण सतत कमी येत असेल तर गळती तिथे आहे. एखाद्या दिवसाच्या कमी आकड्यावरून मात्र कोणावर बोट ठेवता येत नाही, कारण ग्राहकाचा हात रोज सारखा सैल नसतो.

या रीतीला मर्यादाही आहेत. पॉइंट आणि तास मिळून हजेरी आणि जबाबदारी मोजतात, कामाचा दर्जा मोजत नाहीत. चार पॉइंटचा तत्पर वेटर आणि चार पॉइंटचा आळशी वेटर यांना तासामागे सारखेच मिळते. तो फरक पॉइंटमध्ये आणायचा प्रयत्न झाला की दर आठवड्याला कोण चांगले काम करतो याची सुनावणी सुरू होते आणि सामाईक डब्याचा उद्देशच मोडतो. म्हणून कामाच्या दर्जाची दखल पगारवाढीत किंवा बढतीत घेतात. डबा फार लहान असेल, आठवड्याला दोन-तीन हजारांचा, तर एवढा हिशेब ठेवण्याचा त्रास त्यातून मिळणाऱ्या न्यायापेक्षा जास्त होतो आणि तिथे तासांवर सरळ वाटणी पुरते. माणसे सहा-सातपेक्षा जास्त झाली, कामे वेगवेगळी झाली आणि काही लोक अर्धवेळ येऊ लागले की पॉइंट-तासांशिवाय वाटणीचे कारण सांगता येत नाही.